सगळे शेअरमध्ये की अर्धे मुदत ठेवीत? 2008 ची घसरण

8 जानेवारी 2008 ला सेन्सेक्स 20,873 वर बंद झाला, 9 मार्च 2009 ला 8,160 वर. शिखरापासून तळापर्यंतची ही पडझड, म्हणजेच मॅक्सिमम ड्रॉडाऊन, साधारण 61 टक्के.

लाखभर रुपये सगळेच निर्देशांकात असते तर उरले 39,100. आता परत लाख व्हायला 61 टक्के वाढ पुरत नाही, कारण वाढ लागते ती उरलेल्या 39,100 वर. हवी 156 टक्के. ही भरपाई व्हायला नोव्हेंबर 2010 उजाडला.

निम्मे मुदत ठेवीत असते तर? व्याज सोडून देऊ. शेअरचे 50,000 घसरून 19,550, ठेव जागच्या जागी, एकूण 69,550. घसरण साडेतीस टक्के, भरपाईला लागणारी वाढ सुमारे 44.

इथेच बरेच जण फसतात. हात न लावता बसलात, तर ती 44 टक्के वाढ त्या 19,550 मधूनच यायची, म्हणजे सेन्सेक्सला पुन्हा 156 टक्केच चढावं लागणार. तळाशी ठेव मोडून परत निम्मे-निम्मे केलं, तर शेअरमध्ये 34,775 होतात आणि सेन्सेक्स 15,300 च्या आसपास आला की लाख पूर्ण. तो आकडा जून 2009 मध्येच दिसला. नेमका तळ कुणालाच सापडत नाही म्हणा, आणि तेजीत हा पर्याय मागे पडतो. तरी मी निम्मे-निम्मेच ठेवतो.