सकाळचा डॅशबोर्ड आणि काट्याचं रजिस्टर: कोणत्या कामाला कोणता आकडा धरायचा

खरेदी, जिनिंग, प्रेस, गोदाम आणि हिशोब, पाचही विभागप्रमुखांना नमस्कार.

सोमवारपासून डॅशबोर्ड रोज सकाळी आपोआप ताजा होतो आहे. आतापर्यंत मी साडेनऊला येऊन काट्याच्या कॉम्प्युटरवरची फाइल उचलायचो आणि शीटमध्ये टाकायचो. मी सुटीवर असलो की तुम्ही परवाचेच आकडे कालचे समजून पाहायचात. आता हे काम सकाळी सहा ते सातच्या दरम्यान स्क्रिप्ट करते. त्या तासातला नेमका मिनिट गुगल ठरवतं, तो ६.१० असेल किंवा ६.५०ही असेल. म्हणून सातच्या आधी डॅशबोर्ड उघडून भांडू नका.

हे सांगितल्यावर तिघांनी एकच विचारलं, "म्हणजे आता रजिस्टर बंद ना जी?" बंद नाही. दोन्हीकडचे आकडे बरोबर असूनही वेगळे येतात, कारण ते वेगळ्या गोष्टी मोजतात. गेल्या आठवड्यातला एक दिवस घेऊन दोन्ही शेजारी ठेवतो.

पहिला आकडा खरेदीचा. त्या दिवशी काट्याच्या रजिस्टरात ४०० क्विंटल होते आणि डॅशबोर्डवर ३१५. हिशोबवाल्यांना वाटलं ८५ क्विंटल गहाळ झाले. झालं असं की संध्याकाळी उशिरा तीन गाड्या आल्या, २८, ३१ आणि २६ क्विंटलच्या. काटेवाल्याने भरलेलं वजन घेतलं आणि रजिस्टरात त्याच तारखेला नोंद केली. रिकामं वजन मात्र हमालांनी गाड्या खाली केल्यावर, रात्री बारानंतर झालं. पावती रिकाम्या वजनावरच पूर्ण होते आणि डॅशबोर्ड फक्त पूर्ण पावत्या मोजतो, त्यामुळे त्या तीन गाड्या दुसऱ्या दिवसात गेल्या. कापूस कुठेही गेला नव्हता.

कास्तकाराचं पेमेंट करायचं असेल तर पावती हातात घ्या, डॅशबोर्ड नाही. कटतीनंतरचं वजन पावतीवरच असतं, डॅशबोर्डवर काट्याचं निव्वळ वजन येतं. आठवड्यात आवक वाढते आहे की घटते आहे, उद्या किती हमाल बोलवायचे, हे ठरवायला डॅशबोर्ड पुरतो. तिथे एका रात्रीच्या तीन गाड्या इकडच्या तिकडे गेल्याने काही बिघडत नाही. रोजचं रजिस्टर आणि डॅशबोर्ड जुळवत बसण्यात मात्र माणूस वाया घालवू नका. महिनाअखेरीस जुळतात की नाही ते पाहायचं.

दुसरा आकडा उताऱ्याचा. यावरून जिनिंगवाल्यांना विनाकारण बोलणी बसली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. त्याच दिवशी प्रेसमधून ५८ गाठी निघाल्या. गाठ १७० किलोची धरली तर ९,८६० किलो रुई. आता हाच दिवस तीन तऱ्हेने मांडला तर असा दिसतो:

| रुई कशाने भागली | उतारा |
|---|---|
| डॅशबोर्डवरची खरेदी, ३१५ क्विंटल | ३१.३ टक्के |
| जिनला घातलेला कापूस, अंदाजे ३०० क्विंटल | ३२.९ टक्के |
| तेच ३०० क्विंटल, पण प्रेसला न गेलेली ५ क्विंटल सुटी रुई धरून | ३४.५ टक्के |

डॅशबोर्डवरचं उताऱ्याचं जुनं कार्ड पहिल्या ओळीप्रमाणे भागाकार करायचं. ज्या कापसाच्या गाठी झाल्या तो तीन-चार दिवसांपूर्वी गंजीत पडलेला असतो, त्या दिवशी आलेला नसतो. लगेच पुढच्या रविवारी खरेदी १५० क्विंटलच झाली आणि गाठी तेवढ्याच निघाल्या, तर कार्डाने ६५.७ टक्के उतारा दाखवला. क्विंटलमागे ६५ किलो रुई निघाली तर सरकी काय हवेत गेली? इतका खुळा आकडा लगेच पकडता येतो. ३१.३ सारखा पटण्याजोगा चुकीचा आकडा पकडता येत नाही, आणि नेमका त्याच्यावरच मीटिंगमध्ये आवाज चढला होता.

दुसरी-तिसरी ओळही पक्की नाही, कारण ३०० हा ट्रॉलीच्या खेपा मोजून काढलेला अंदाज आहे. म्हणून रोजचा उतारा मी डॅशबोर्डवरून काढूनच टाकला. आता उतारा गंजीनिहाय दिसेल, आणि तोही गंजीपुढे "संपली" अशी नोंद झाल्यावरच. चौथ्या गंजीचं उदाहरण घ्या. पावत्यांची बेरीज १,२४० क्विंटल, गाठी २४७, आणि प्रेसवर प्रत्येक गाठीचं प्रत्यक्ष वजन घेऊन आलेली बेरीज ४१,८७० किलो. उतारा ३३.८ टक्के. हॉलमध्ये सुटी रुई उरलेली नव्हती, त्यामुळे हा आकडा मी कुणापुढेही ठेवीन. एक गोष्ट लक्षात ठेवा: अकरा टक्के ओलाव्याने घेतलेला कापूस गंजीत पंधरा दिवस राहिला तर तो वाळतो. त्या घटीमुळे उतारा कमी दिसतो आणि ती रोलरची चूक नसते.

गाठींच्या साठ्याबद्दल थोडक्यात. डॅशबोर्ड बिल झालेल्या गाठी वजा करतो, गोदामवाला ट्रकमध्ये चढलेल्या. व्यापाऱ्याला "किती गाठी देऊ शकतो" हे सांगण्याआधी गोदामात फोन करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डॅशबोर्डच्या वरच्या पट्टीत आता दोन वेळा दिसतात: "ताजं झालं" आणि "शेवटची पावती". विश्वास दुसऱ्या वेळेवर ठेवा. बुधवारी पहिली वेळ त्या दिवशीची, ६.२२ अशी होती आणि आकडे मात्र सोमवारचे. स्क्रिप्टने तिचं काम चोख केलं होतं. ड्राइव्हवर जी फाइल होती ती तिने उचलली, पण फाइलच जुनी होती. काट्यावर विचारलं तर उत्तर आलं, "रात्री लाइन गेली व्हती भाऊ, म्या सकाळी मशीन चालूच नाही केली." काट्याचा कॉम्प्युटर बंद असला किंवा नेट गेलं तर नवी फाइल त्याच्या पोटातच राहते. स्क्रिप्टला ते कळत नाही आणि बिघाडाचा मेलही येत नाही. म्हणून शेवटच्या पावतीची वेळ थेट पावत्यांवरून काढली आहे:

```
=MAX(Kata!B2:B)
```

तिथे कधी 30/12/1899 दिसलं तर घाबरू नका आणि त्या दिवशी काही वापरूही नका. फाइलमधल्या सगळ्या तारखा शीटने अक्षरं म्हणून घेतल्या, त्यामुळे उत्तर शून्य आलं आणि गुगल शीट शून्याची तारीख तीच दाखवतं. मला फोन करा.

शेवटची पावती काल संध्याकाळनंतरची असेल तर डॅशबोर्ड वापरा. त्याआधीची असेल आणि काल खरेदी चालू होती हे तुम्हाला माहीत असेल, तर त्या दिवसापुरतं रजिस्टर धरा आणि काटेवाल्याला मशीन सुरू करायला सांगा. फाइल वर चढायला पाचेक मिनिटं लागतात. त्यानंतर शीटच्या मेनूमधलं "आत्ता ताजं करा" दाबायचं. ते बटण पाचही जणांना दिलं आहे, पण ते दाबण्याआधी काटा चालू झाल्याची खात्री करून घ्या, नाहीतर तीच जुनी फाइल पुन्हा येईल आणि वर मात्र नवी वेळ दिसेल.