सराफी पेढीच्या प्रीव्ह्यूचं निमंत्रण: ब्लॉकचं फॉइल, डिजिटल फॉइल की नुसतं व्हॉट्सअ‍ॅप?

नवीन कलेक्शन येतंय, निवडक गिऱ्हाइकांना एक दिवस आधी संध्याकाळी बोलवायचंय आणि त्याचं कार्ड कसं करायचं हे ठरत नाहीये, अशा पेढीवाल्यांसाठी हे लिहितोय. कार्डांचं डिझाइन आणि छपाई हेच माझं रोजचं काम आहे, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो. बहुतेक जण सुरुवात कागद आणि सोनेरी रंगापासून करतात, पण आधी आकडा काढायला हवा, कारण कुठली पद्धत परवडेल आणि शोभेल हे आकड्यावरच ठरतं.

समजा कोल्हापुरात गुजरीत पेढी आहे, कलेक्शन कमी वजनातल्या साज आणि ठुशीचं आहे, आणि काउंटरवर एका वेळी १२ कुटुंबं नीट बसून ट्रे बघू शकतात. अशा कार्यक्रमात एका कुटुंबाला निदान एक तास लागतो, साज गळ्यात घालून बघायचा, आरशात बघायचं, सासूबाईंना विचारायचं, वजन आणि मजुरी विचारायची, घाई केली तर प्रीव्ह्यूला अर्थच राहत नाही. म्हणजे ६ ते ९ या तीन तासांत ३६ कुटुंबं. सगळेच येणार नाहीत हे धरून ५० ते ६० निमंत्रणं, बस. त्यापुढे गेलात की लोक उभे राहतात, सेल्समन दोन-दोन घरं सांभाळतो, आणि ज्या जुन्या गिऱ्हाइकाला मानाने बोलावलं तेच बाहेर बाकावर बसून राहतं.

आता ६० आकडा हातात आहे तर तुलना करू.

व्हॉट्सअ‍ॅपचं आधी, कारण सगळ्यांच्या डोक्यात तेच असतं. खर्च जवळपास नाही, एका दुपारी सगळ्यांना जातं, पत्ता म्हणून लोकेशनची लिंक देता येते. पण निमंत्रितांपुरत्या कार्यक्रमाला त्याची एक मोठी अडचण आहे, ते फॉरवर्ड होतं. वाईट हेतूने नाही हो, एखाद्या काकू प्रेमाने भिशीच्या ग्रुपवर टाकतात, "चला गं सगळ्या", आणि दारात १५ बायका उभ्या. त्यांना परत पाठवणं कुठल्याच पेढीला जमत नाही आणि जमूही नये. दुसरं म्हणजे ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवलंत तर ज्यांनी पेढीचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ते पोचतं, बाकीच्यांकडे जातच नाही आणि तुम्हाला वाटतं सगळ्यांना गेलं. आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: कार्डावर नवीन हाराचा पूर्ण, स्वच्छ फोटो टाकलात तर तो कलेक्शन उघडायच्या आधीच दुसऱ्या पेढीच्या कारागिरासमोर असू शकतो. फोटो टाकायचाच असेल तर एखादं पान, एखादा मणी, डाळिंबी खड्याचा कोपरा एवढंच जवळून दाखवा, अख्खा दागिना नको.

म्हणून माझं स्पष्ट मत, मुख्य निमंत्रण छापील आणि नाव घातलेलं असावं, व्हॉट्सअ‍ॅप आठवणीसाठी. अपवाद एकच, गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असेल तर त्याला एकट्याला वेगळा मेसेज, नाव घालून, आणि कार्डाची इमेज डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साध्या फोटोसारखी पाठवली की ती दाबली जाते आणि बारीक अक्षर फुटतं.

छापील म्हटलं की सोनेरी कसं करायचं हा प्रश्न. इथे तीन रस्ते आहेत. सोनेरी शाई हा सगळ्यात साधा, पण दागिन्यांच्या कार्डाला मी तो सुचवत नाही, शाई चमकत नाही, ती पिवळट तपकिरी दिसते. त्यात गडद मरून कागदावर ऑफसेटची सोनेरी शाई खाली बसते, दिसेनाशी होते. गडद कागदच हवा असेल आणि फॉइल नको असेल तर स्क्रीन प्रिंटिंग करा, तिथे शाईचा थर जाड बसतो. हा विषय इथेच सोडतो.

खरी तुलना ब्लॉकचं गरम फॉइल आणि डिजिटल फॉइल यांच्यात आहे.

ब्लॉकच्या फॉइलमध्ये तुमच्या डिझाइनचा धातूचा ब्लॉक बनतो, तो तापतो, मध्ये फॉइलचा रोल असतो, आणि दाबाने सोनं कागदावर उतरतं. दाबामुळे अक्षर किंचित आत बसतं, बोट फिरवलं की कळतं, आणि कडा एकदम स्वच्छ येते. जाड, खरबरीत कागदावरही हे चांगलं बसतं. एवढ्याशा संख्येला पितळी ब्लॉकची गरज नाही, मॅग्नेशियमचा पुरतो. डिजिटल फॉइलमध्ये ब्लॉकच नसतो, लेझर प्रिंटरने टोनर छापतात आणि गरम रोलरखालून काढताना फॉइल फक्त त्या टोनरला चिकटतं. हे सपाट लागतं, बोटाला काहीच कळत नाही, आणि कागद गुळगुळीत नसेल तर मध्येमध्ये तुटतं. पण याची एक ताकद ब्लॉककडे नाही: प्रत्येक कार्डावर वेगळं नाव सोन्यात येऊ शकतं.

खर्चाचं गणित असं. ब्लॉक आणि मशीनची सेटिंग हा खर्च ६० कार्डांना असो की ३०० कार्डांना, तेवढाच. समजा तो ३००० रुपये आला, तर ६० कार्डांत प्रत्येकी ५० रुपये पडतात आणि ३०० कार्डांत १०. इथेच मालक म्हणतात, मग ३००च छापू की, स्वस्त पडतंय. मी दरवेळी हेच सांगतो की असं करू नका, कारण उरलेली २४० कार्डं कपाटात राहत नाहीत, ती वाटली जातात, काउंटरवर ठेवली जातात, आणि मग निवडक म्हणून बोलावलेल्यांना कळतं की हे सगळ्यांनाच मिळालंय. एकूण ३००० रुपये हा अशा संध्याकाळच्या मानाने मोठा खर्च नाही, प्रति कार्ड दर बघून फसू नका. जास्तीची पाच-सहा छापा, चुकलं-माकलं तर, आणि प्रत्येकावर नंबर घाला.

ब्लॉकवाल्या कामात बिघडतं ते मराठी अक्षरात. डिझायनर स्क्रीनवर झोकदार बारीक अक्षर घेतो, छान दिसतं, पण ब्लॉकवर ष, ळ, ठ यांच्या पोकळ्या लहान असल्या की फॉइलने भरून जातात, अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेला चिकटतो, रफार गायब होतो. उष्णता किंवा दाब जास्त झाला तरी हेच होतं, आणि कमी झाला की अक्षरात पांढरे ठिपके सुटतात. म्हणून प्रूफ हातात घेऊन उजेडात तिरपं धरा आणि आधी ष, ळ, ठ बघा, बाकी सगळं नंतर. पोकळी भरलेली दिसली तर मशीनवाल्याला आधी उष्णता कमी करून बघायला सांगा, तरी भरत असेल तर अक्षर मोठं करायचं, दुसरा इलाज नाही. साजाच्या पानांचं रेखाचित्र टाकणार असाल तर तिथेही तोच नियम, दोन रेषांमध्ये मोकळी जागा ठेवा, नाहीतर सगळी पानं मिळून एक सोनेरी गोळा होतो. माझा आग्रह असा की फॉइल फक्त पेढीचं नाव आणि एका छोट्या चित्रापुरतं ठेवा, तारीख-वेळ-पत्ता साध्या गडद शाईत. वाचायला सोपं आणि ब्लॉकही लहान, ब्लॉकचे पैसे क्षेत्रफळावर लागतात.

मजकुराची अजून एक गोष्ट. तुम्ही मोबाइलवर टाइप करून पाठवता, प्रेसवाला तो कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतो, बऱ्याच ठिकाणी त्याचं जुनं व्हर्जन आणि श्रीलिपीचे जुने मराठी फॉन्ट असतात, तिथे वेलांटी उडी मारते आणि जोडाक्षर फुटतं. "श्रीमती"ची वेलांटी म च्या पलीकडे गेलेली पाहिलीये मी. फाइल कर्व्हमध्ये बदलल्यानंतरचं, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार झाल्यानंतरचं, प्रूफ तपासा, आधीचं तपासून उपयोग नाही, आणि ते पेढीतल्या मराठी नीट वाचणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला एकदा मोठ्याने वाचायला द्या.

नाव कसं घालायचं? डिजिटल फॉइलमध्ये छापून येईल, पण मला अजूनही हाताने लिहिलेलं जास्त आवडतं, "सौ. व श्री. ..." असं, ज्याचं अक्षर चांगलं आहे त्याच्याकडून. फक्त मॅट लॅमिनेशन केलेलं कार्ड पेनाची शाई धरत नाही, लिहिलेलं पुसलं जातं. त्यामुळे लॅमिनेशन बाहेरच्या घडीला करा आणि आतला कागद साधा, हस्तिदंती, ३०० जीएसएमच्या आसपास ठेवा, तिथे नाव आणि वेळ लिहायला दोन रिकाम्या ओळी सोडा. वेळ प्रत्येकाला वेगळी असते हे विसरू नका, एकाला ६ ते ७, एकाला ७ ते ८, यासाठीच तर हा खटाटोप. खाली "दोन व्यक्तींसाठी" आणि कळवायला एकाच माणसाचा नंबर, काउंटरचा नंबर नको, तिथे कोण उचलेल सांगता येत नाही. मजुरीवर इतकी सूट वगैरे कार्डावर अजिबात नको, त्याने कार्डाचं पॅम्फ्लेट होतं, सूट द्यायची तर समोर बसल्यावर सांगा.

तर निवड अशी: ५०-६० घरं, जुनी गिऱ्हाइकं, पारंपरिक दागिने असतील तर ब्लॉकचं फॉइल आणि हाताने नाव. यादी शेवटपर्यंत बदलत राहणार असेल किंवा हातात चार-पाच दिवसच असतील तर गुळगुळीत कागदावर डिजिटल फॉइल, नाव छापून. यादी तरुण असेल आणि हिऱ्याच्या रोजच्या वापराच्या अंगठ्या-कानातले असतील तरी कार्ड छापाच, फक्त छोटं, पोस्टकार्डाएवढं, एका घडीचं पुरे, आणि वेळ मेसेजवर ठरवा.

कार्ड कधी हातात पडतं याचाही विचार करा. ब्लॉक, प्रूफ, छपाई, घडी, नावं लिहिणं हे धरून दहा-बारा दिवस लागतात आणि कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी कार्ड घरी पोचायला हवं. दसऱ्याचं कलेक्शन असेल आणि प्रीव्ह्यू घटस्थापनेनंतर लगेच ठेवलात तर वाटप नेमकं पितृपक्षात येतं, आणि सोन्याच्या खरेदीचं निमंत्रण त्या पंधरवड्यात दारात आलेलं बऱ्याच घरांत चालत नाही. मग एकतर गणपती विसर्जनाआधी कार्डं वाटून टाका, नाहीतर प्रीव्ह्यू नवरात्राच्या पाचव्या-सहाव्या माळेला ठेवा आणि घटस्थापनेच्या दिवशी सकाळीच पेढीतली माणसं कार्डं घेऊन घरोघर निघू देत, ६० कार्डं एका दिवसात हातोहात पोचतात. आठ दिवस मिळणार नाहीत हे खरं, म्हणून तेवढ्या वेळी तारीख फोनवर आधी कानावर घालून ठेवा.