४.६ स्टार की ४.२? दोन चार्जरच्या अभिप्रायांची तुलना

लॅपटॉप आणि फोन दोन्हींसाठी ६५ वॅटचा चार्जर घ्यायचा असून निवड दोन चार्जरवर येऊन थांबली आहे, असे समजू. पहिल्याला दोन हजार अभिप्रायांसह ४.६ स्टार आहेत, तर दुसऱ्याला तीनशे अभिप्रायांसह ४.२. सरासरी पाहून पहिला घ्यावासा वाटतो. पण अभिप्राय तारखेनुसार लावून वाचले की चित्र पालटते.

पहिल्याचे बहुतेक पाच-स्टार अभिप्राय एकाच आठवड्यातले आहेत. "छान वस्तू, लवकर मिळाली" यापलीकडे ते जात नाहीत. कोणता लॅपटॉप जोडला, बॅटरी किती वेळात भरली, याचा त्यांत उल्लेखच नाही. त्याहून जुन्या अभिप्रायांत तर लोक इअरफोनच्या आवाजाचे कौतुक करतात, म्हणजे दुसऱ्याच वस्तूचे स्टार या चार्जरच्या पदरात पडले आहेत. खरेदी पडताळल्याची खूण पाहून निर्धास्त होऊ नये, कारण पाच स्टारच्या बदल्यात पैसे परत मिळालेल्या ग्राहकाच्या नावापुढेही ती दिसते.

खरी माहिती एक ते तीन स्टारच्या अभिप्रायांत असते. "चार्जर गरम होतो" एवढीच तक्रार फारसे काही सांगत नाही, कारण ६५ वॅट देताना कार्यक्षमता ९० टक्के धरली तरी सुमारे सात वॅट उष्णता त्या छोट्या डबीतून बाहेर पडणारच. काहीही न जोडता तो तापत असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. पहिल्याच्या अभिप्रायांत तिघांनी वेगवेगळ्या महिन्यांत एकच जागा दाखवली आहे: सोबत आलेल्या केबलचे लॅपटॉपमध्ये शिरणारे टोक चटका देते आणि तिथले प्लास्टिक पिवळे पडले आहे. हे सैल किंवा खराब जोडणीचे लक्षण आहे. तिथला विद्युतरोध वाढतो आणि सगळी उष्णता एका बिंदूवर साठते. अनोळखी माणसांच्या तक्रारी जागेसकट जुळल्या, की त्या गंभीरपणे घ्याव्यात.

दुसऱ्यावरची मुख्य तक्रार अशी, की लॅपटॉप ६५ नव्हे, ६० वॅटच घेतो. हा बहुधा चार्जरचा दोष नसून केबलची मर्यादा आहे: केबलची क्षमता चार्जरला कळवणारी ई-मार्कर चिप नसलेल्या यूएसबी-सी केबलमधून तीन अँपिअरच वाहू दिले जातात आणि २० व्होल्टला त्याचे ६० वॅट होतात. पाच अँपिअरची केबल घेतली की हा प्रश्न सुटतो.

म्हणून मी दुसरा घेईन, तोही वेगळ्या केबलसह. एक उणीव मात्र राहते: त्याचे जवळजवळ सगळे अभिप्राय खरेदीनंतर महिन्याभरात लिहिलेले आहेत, आणि केबल प्लगपाशी वाकून तुटायला अनेकदा त्याहून अधिक काळ लागतो. त्यामुळे टिकाऊपणाबाबत त्या ४.२ वरही मी विसंबणार नाही. हमीचा कालावधी पाहूनच खरेदी करीन.