मधे खाच असलेलं कुशन, सात महिने वापरल्यावर

आधी त्रास काय होता ते सांगतो. खुर्चीत बसलं की वीसेक मिनिटांत लघवीच्या आणि शौचाच्या जागेमधल्या भागात आग व्हायची, नंतर तिथे काहीतरी गोळा अडकल्यासारखं वाटायचं. उभं राहिलं की कमी आणि रात्री झोपेत काहीच नाही. लघवीची तपासणी नॉर्मल, एमआरआय नॉर्मल, अँटिबायोटिकचे दोन कोर्स फुकट गेले. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "टॉयलेट सीटवर बसल्यावर दुखतं का?" आणि खरंच तिथे दुखत नव्हतं! तिथे वजन हाडांवर येतं, मधला भाग मोकळा राहतो. त्या भागाला संवेदना देणारी पुडेंडल नर्व्ह दबतेय असा संशय त्यांना तिथूनच आला. माझं सायकलिंग आणि दिवसभराचं डेस्कचं काम, दोन्ही त्याच जागेवर.

पहिल्यांदा मी गोल भोकाचं डोनट कुशन घेतलं आणि ते चुकलं. भोक इतकं रुंद होतं की बसायची हाडंच आत जायची आणि मधला भाग खाली ताणला जायचा, त्यामुळे आग वाढली. मग फिजिओने सांगितलं तसं कडक स्टुलावर पुठ्ठा ठेवून त्यावर जरा पुढे वाकून बसलो, दोन खळगे उमटले, मधोमध अंतर 12 सेंमी. म्हणून 7 सेंमी खाचेचं, मागे आणि पुढे उघडं असलेलं कडक फोमचं कुशन घेतलं. आता हाडं दोन्ही बाजूच्या फोमवर टेकतात आणि मधे काही लागत नाही. पहिल्या आठवड्यात हाडं दुखली, ते चालतं, आग नको.

बसायची वेळ 20 मिनिटांवरून साधारण 50 वर आली, त्यापुढे अजूनही जळजळ सुरू होते, म्हणून 40 ला टायमर लावून उठतोच. पाचव्या महिन्यात त्रास परत वाढला, का ते आधी कळलं नाही, मग बसलेलं असताना हाडाखाली हात घालून बघितलं तर फोम पार दबून खुर्चीचा कडकपणा लागत होता. कुशन बदललं, दहा दिवसांत फरक पडला. हात घालून दर महिन्याला बघा.

एक चूक मात्र कुशनने सुटली नसती, मी स्वतःच्या मनाने केगेल, म्हणजे खालचे स्नायू आवळायचे व्यायाम, करत होतो. माझे खालचे स्नायू आधीच आवळलेले होते, ते अजून आवळत गेलो. फिजिओने ते बंद करून पोटाने श्वास घेत खालचा भाग सैल सोडायला शिकवलं, जमायला महिना लागला.

सायकल चार महिने बंद ठेवली, आता रुंद, आखूड नाकाच्या, मधे खाच असलेल्या सॅडलवर अर्धा तास चालवतो, दर दहा मिनिटांनी पेडलवर उभा राहतो. तिथे बधिरपणा आला की त्याच क्षणी उतरतो.

आणि हे नीट वाचा. दुखण्याने रात्री जाग येत असेल तर कारण वेगळं असू शकतं, डॉक्टरांना सांगा. मांड्यांच्या आतला भाग बधिर झाला, लघवी अडकली किंवा पायातला जोर गेला तर कुशन शोधत बसू नका, त्याच दिवशी इमर्जन्सीला जा.