लग्नाआधी लिहून कळवायचं आहे: एकेक मेसेज की एकच लांब पत्र?

साखरपुडा झालाय, हॉलला ॲडव्हान्स गेलाय आणि पैसे, नोकरी, राहायचं कुठे हे तिन्ही विषय अजून "बोलू की निवांत" यावरच अडकलेत. भेट झाली की शालू, केटरर आणि पत्रिकेवर कोणाची नावं घालायची यातच संध्याकाळ संपते. म्हणून लिहूनच कळवायचं ठरवलं, तर दोन रस्ते उरतात. विषय निघेल तसा एकेक मेसेज टाकत जायचा, किंवा एकदा नीट बसून तिन्ही गोष्टी एकत्र लिहायच्या. माझं मत दुसऱ्या रस्त्याकडे झुकतं, पण पहिल्याची बाजू अगदीच लंगडी नाही.

उदाहरण माझ्या मावसबहिणीचं घेते, तिला विचारून आणि आकडे बदलून. माहेर ठाण्याला वर्तकनगरात, नोकरी ऐरोलीत, शिफ्ट रात्री दीडला सुटते. होणारा नवरा खारघरला आईवडिलांबरोबर वन बीएचकेत राहतो. तिच्या वडिलांना पेन्शन नाही. माहेरच्या फ्लॅटच्या 20 लाखांच्या कर्जात ती सहकर्जदार आहे आणि महिन्याचा साधारण 17,400 चा हप्ता आता तिच्याच पगारातून जातो.

एकेक मेसेजचा फायदा असा की समोरचा दडपत नाही. दुपारी विचारलं, रात्रीपर्यंत उत्तर आलं, विषय मिटला. खरोखर एकच गोष्ट बोलायची राहिली असेल, समजा फक्त लग्नानंतर नोकरी बदलायची आहे, तर त्यासाठी पानभर लिहिणं म्हणजे उगाच बाऊ करणं. एका साध्या मेसेजने काम होतं.

अडचण येते ती तिन्ही विषय एकमेकांत गुंतलेले असतात तेव्हा. मावसबहिणीने आधी फक्त घराचं विचारलं: "लग्नानंतर ऐरोलीत भाड्याने राहूया का?" त्याने ते वाचलं आणि अर्थ लावला, हिला माझ्या आईबाबांसोबत राहायचं नाही. खरं कारण शिफ्टचं होतं. रात्री दीडला ट्रान्स हार्बरवर लोकल नसते, कंपनीची कॅब सगळ्यांना सोडत सोडत खारघरला पोचेपर्यंत अडीच वाजतात, आणि वन बीएचकेत अडीचला दार उघडलं की हॉलमध्ये झोपलेले काका-काकू जागे होणारच. यातलं काहीच त्या ओळीत नव्हतं. तरी तो "बरं, बघू" म्हणाला. पंधरवड्याने हप्त्याचा विषय निघाला तेव्हा त्याचा सूर बदलला: "हे आधी सांगितलं असतंस तर भाड्याचा हिशोब मी वेगळा केला असता." त्याची तक्रार रास्त होती. अर्ध्या माहितीवर घेतलेला होकार पुढे फसवणूक केल्यासारखा वाटतो, मग लपवायचा हेतू असो वा नसो.

मग तिने सगळं एकत्र लिहून काढलं. पहिला खर्डा मी वाचला. त्यात प्रामाणिकपणा ठासून भरला होता आणि नेमकी तीच पंचाईत होती:

"मी माझ्या आईबाबांचा हप्ता भरणं कधीच थांबवणार नाही. माझी नोकरी सोडण्याचा प्रश्नच येत नाही. आणि वन बीएचकेत चौघांनी राहणं मला जमणार नाही, हे आत्ताच स्पष्ट सांगते."

तीनही वाक्यं खरी आहेत. पण वाचणाऱ्यापुढे "हो" आणि "मोडूया" एवढेच दोन पर्याय राहतात. शिवाय यात एकही आकडा नाही, त्यामुळे त्याला विचार करायला काही हातीच लागत नाही. पाठवला तो मजकूर असा होता:

"तुला तीन गोष्टी एकत्र सांगतेय, कारण त्या एकमेकींवर अवलंबून आहेत. माझ्या हातात महिन्याला 72,000 येतात. त्यातले 17,400 घराच्या हप्त्याला जातात आणि 6,000 आईबाबांना देते. हप्ता 2039 पर्यंत आहे. कर्जात माझं नाव आहे, पण घराच्या करारात नाही, घर बाबांच्या नावावर आहे. हप्ता मी भरत राहणार, हे माझं ठरलेलं आहे. 6,000 चं मात्र आपण बसून बघू शकतो. शिफ्ट सोडली तर 9,000 चा भत्ता जाईल. वर्षभर तरी सोडू नये असं मला वाटतं, पण तुझं मत हवंय. रात्री उशिरा येऊन काका-काकूंची झोप मोडायची मला धास्ती वाटते, म्हणून ऐरोली-घणसोलीकडे भाड्याचं घर सुचवलं होतं. त्यांना सोडून राहायचं म्हणून नव्हे. दुसरा काही मार्ग दिसत असेल तर सांग. तुझे हप्ते, घरी द्यावे लागणारे पैसे आणि काका-काकूंची अपेक्षा काय आहे, हे मला अजून नीट माहीत नाही. रविवारी भेटू तेव्हा बोलू, त्याआधी उत्तर लिहायलाच हवं असं नाही."

दोन्ही मजकुरांत हप्त्याबद्दलचा निश्चय तोच आहे. पण दुसऱ्यात ठरलेलं काय, बदलू शकतं काय आणि माहीत नाही काय, हे वेगवेगळं कळतं. माझ्या मते लिहिण्याचा सगळा कस इथेच लागतो. सगळंच "ठरलेलं" म्हणून टाकलं की ती नोटीस होते. उलट टोकही वाईट: हप्ता थांबवायचा नाही हे मनात पक्कं असताना "तू म्हणशील तसं" लिहायचं आणि लग्नानंतर त्यावरून कुढत बसायचं.

करारात नाव नसल्याचं वाक्य तिने आधी गाळलं होतं, मी घालायला लावलं. सहकर्जदार असणं आणि घराचं मालक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकांची नावं नोंदणी झालेल्या करारात आणि इंडेक्स टू वर दिसतात. नाव फक्त कर्जात असेल तर फेडायची जबाबदारी पूर्ण, घरावर हक्क मात्र नाही, आणि मालकी नसल्यामुळे व्याजावरची करसवलतही मिळत नाही. कर्जातून नाव काढायचं तर बँकेची संमती लागते, आणि दुसऱ्या कोणाच्या पगाराचा आधार असल्याशिवाय बँक ती सहसा देत नाही. म्हणजे "लग्नानंतर नाव काढून टाकू" हे वाक्य हलक्या मनाने लिहू नये. चुलतभावाच्या कर्जाला जामीन राहिला असाल तर तेही लिहायलाच हवं. जामीनदाराची जबाबदारी कायद्याने कर्जदाराइतकीच असते.

याचा दोघांच्या पुढच्या घरावर काय परिणाम होतो, तो हिशोब भेटीच्या दिवशी वहीवर झाला. त्याच्या हातात 65,000 येतात आणि शैक्षणिक कर्जाचा 11,000 चा हप्ता आहे. दोघांचे मिळून 1,37,000. सगळे हप्ते मिळून हातातल्या पगाराच्या साधारण निम्म्यापर्यंत चालतात असं ढोबळ मानलं (बँकेगणिक हे बदलतं), तर मर्यादा 68,500. त्यातून आधीचे 28,400 गेले की नव्या हप्त्याला 40,100 उरतात. साडेआठ टक्के आणि वीस वर्षं धरली तर त्यात जेमतेम 46 लाखांचं कर्ज बसतं. माहेरचा हप्ता नसता तर 66 लाख बसलं असतं. शैक्षणिक कर्ज फिटलं की साडेबारा लाखांच्या आसपास जागा होते, आणि ते आधी फिटणार आहे. हे वहीवर दिसल्यावर त्याने स्वतःच म्हटलं, दोन वर्षं भाड्याने राहू, घराचं नंतर. भाडं 26,000 धरून सगळे हप्ते आणि तिचे 6,000 वजा केले तरी महिन्याला 76,600 उरतात. भत्ता गेला तर 67,600. खर्च चालवता येईल इतकं हे नक्कीच आहे. आकडे नसते तर याच विषयावर नुसती चिडचिड झाली असती.

व्हॉट्सॲप की ईमेल, यावर फार डोकं शिणवायला नको. ईमेल नीट वाचलं जातं आणि नंतर सापडतं, पण ज्यांचं रोजचं बोलणं व्हॉट्सॲपवर चालतं त्यांना अचानक ईमेल आलं की ऑफिसच्या पत्रासारखं वाटतं. मावसबहिणीने व्हॉट्सॲपच वापरलं, आधी फोनच्या नोट्समध्ये लिहून. शुक्रवारी रात्री पाठवलं, म्हणजे वाचून लगेच मीटिंगला पळायचं नव्हतं आणि रविवार हाताशी होता. निळ्या टिका दिसूनही तासभर उत्तर नाही, याचा अर्थ लावत बसू नये. लिहिलेलं कुटुंबाच्या ग्रुपवर फिरू शकतं, ही भीती दोन्हींत सारखीच आहे. म्हणून काका-काकूंबद्दलची वाक्यं त्यांनी वाचली तरी चालतील अशी लिहावीत, आणि मेसेज दोघांतच राहू दे असं वर लिहावं.

काही गोष्टी या पत्रात घालू नयेत. जुगाराचं किंवा घरच्यांपासून लपवलेलं कर्ज समोर बसूनच सांगावं, कारण ते वाचताना समोरच्याला दहा प्रश्न पडतात आणि विचारायला कोणी नसतं. आणि त्याच्याकडून "लग्नाचा खर्च तुमच्याकडे, शिवाय फ्लॅटच्या डाउन पेमेंटला तुमच्या बाबांनी हातभार लावावा" असं काही आलं असेल, तर हा आढावा तिथे लागू पडत नाही. तो हुंडा आहे, 1961 च्या कायद्याने नुसता मागणंही गुन्हा आहे, आणि त्यावर समजुतीचं पत्र लिहीत बसू नये. आलेला मेसेज जपून ठेवावा आणि घरच्यांना सांगावं.

उत्तर कसं येतं त्यावरून पुष्कळ कळतं. "वाचलं, जरा वेळ दे, रविवारी बोलू" हे चांगलं उत्तर आहे. "एवढं काय लिहिलंयस, होईल सगळं" हे मात्र उत्तर नव्हे. तेव्हा नवा लांब मेसेज न लिहिता त्यातला एकच प्रश्न पुन्हा विचारावा: "तुझे हप्ते किती आहेत, एवढं आधी सांग." तोही दोनदा टाळला गेला, तर हॉलचा पुढचा हप्ता भरायच्या आधी घरच्या मोठ्यांना सोबत घेऊन बोलावं.

भेटीला जाताना दोघांनी आपापला क्रेडिट रिपोर्ट काढून न्यावा. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो, त्यात सहकर्जदार आणि जामीनदार म्हणून असलेली कर्जंही दिसतात. मावसबहिणीच्या होणाऱ्या नवऱ्याच्या रिपोर्टमध्ये हप्त्यावर घेतलेला एक मोबाइल निघाला, तो स्वतः विसरला होता. शेवटचे दोन हप्ते राहिले होते, तिथेच बसून भरून टाकले.