मिलवॉकीत जुनी एलांट्रा: इमोबिलायझर बघून घेतलेल्या गाडीचा अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या मार्चमध्ये मी २०१८ ची ह्युंदाई एलांट्रा लिमिटेड सेकंडहँड घेतली. मी मिलवॉकीत राहतो, गाडी रात्री रस्त्यावरच उभी असते. ह्युंदाई आणि किया गाड्या यूएसबी केबलच्या टोकाने चालू करून पळवायचं जे लोण अमेरिकाभर पसरलं, ते सुरू झालं ते याच शहरात. त्यामुळे एलांट्रा घ्यायची म्हटल्यावर इथल्या मराठी मित्रांपैकी निम्म्यांनी मला वेड्यात काढलं. मायलेज, देखभालीचा खर्च आणि आमच्या बजेटमध्ये बसणारी किंमत, या तिन्हींमुळे मला हीच गाडी हवी होती. म्हणून चोरीच्या बाजूचा अभ्यास नीट करून मगच घेतली.

मुळात भानगड काय होती ते आधी सांगतो. इमोबिलायझर असलेल्या गाडीच्या किल्लीच्या डोक्यात एक छोटी चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. किल्ली इग्निशनमध्ये घातली की लॉकभोवतीची कॉइल ती चिप वाचते आणि कोड जुळला तरच इंजिनचा कॉम्प्युटर गाडी चालू राहू देतो. चोराने लॉक फोडून फिरवलं तरी कोड नाही म्हणजे इंजिन नाही. साधारण २०११ ते २०२१ या काळात अमेरिकेत विकलेल्या ह्युंदाई-कियाच्या बऱ्याच किल्लीच्या गाड्यांमध्ये हे नव्हतंच. २०१५ च्या मॉडेल्सचा हिशेब बघा: या दोन कंपन्यांच्या फक्त २६ टक्के गाड्यांत इमोबिलायझर स्टँडर्ड होता, बाकीच्या कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांत. शेजारच्या कॅनडात तो २००७ पासून कायद्यानेच बंधनकारक आहे. अमेरिकेत तसा कायदा नव्हता, म्हणून सरहद्दीच्या अलीकडे तो वगळला गेला.

याचा खरेदीवर परिणाम असा की नुसतं मॉडेल आणि साल बघून काहीच कळत नाही. मला एकाच आठवड्यात दोन २०१८ च्या एलांट्रा मिळाल्या. एक एसई, किल्ली फिरवून चालू होणारी, बाराशे डॉलर स्वस्त. दुसरी लिमिटेड, बटण-स्टार्टवाली. कारखान्यातून बटण-स्टार्ट आलेल्या गाडीत इमोबिलायझर असतोच. एसईचा विक्रेता मात्र ठामपणे सांगत होता की "यात अलार्म आहे, रिमोट आहे, म्हणजे चोरीचं संरक्षण आहे." इथेच बहुतेक लोक फसतात. रिमोटचं काम दारं उघडायचं. चिप ही वेगळी गोष्ट.

मी घरून अॅल्युमिनियम फॉइल नेली होती. एसईच्या किल्लीचं डोकं फॉइलच्या तीन-चार घड्यांत घट्ट गुंडाळलं, फक्त पातं मोकळं ठेवलं आणि गाडी चालू केली. इमोबिलायझर असता तर चिप वाचता न आल्याने इंजिन चालू झालं नसतं, किंवा एक-दोन सेकंदांत बंद पडलं असतं. ते आरामात दोन मिनिटं चालत राहिलं. मला हवं ते उत्तर मिळालं. लिमिटेडची फॉब, म्हणजे खिशात ठेवायची रिमोट-किल्ली, तशीच गुंडाळली तर गाडीने किल्ली सापडत नसल्याचा संदेश दाखवला आणि ती हलली नाही. बाराशे डॉलर जास्त देऊन मी लिमिटेड घेतली.

एसई घेऊन नंतर कंपनीचं मोफत सॉफ्टवेअर अपडेट करून घ्यायचं, हा पर्याय मी विचारात घेतला होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन्ही कंपन्यांनी ते सुरू केलं, अमेरिकेत सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी. माझ्या मित्राच्या किल्लीवाल्या एलांट्रात ते आहे. त्यात गाडी रिमोटने लॉक केली की इग्निशन निकामी होतं आणि रिमोटने अनलॉक केल्याशिवाय गाडी चालू होत नाही. अलार्मही तीस सेकंदांऐवजी मिनिटभर वाजतो. ते उपयोगी आहे यात शंका नाही. विमा कंपन्यांच्या आकड्यांवर काम करणाऱ्या हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूटला अपडेट केलेल्या गाड्यांचे चोरीचे दावे निम्म्याहून जास्त घटलेले दिसले. पण सगळी मदार रिमोटचं बटण दाबण्यावर. वहिनींना दाराच्या आतलं बटण दाबून दार लोटायची सवय. तसं केलं की दारं बंद होतात, पण ते संरक्षण लागूच होत नाही. मित्राला हे चार महिन्यांनी कळलं. आता दोघेही बाहेर उभं राहून रिमोट दाबतात आणि दिवे लुकलुकलेले बघूनच निघतात. शिवाय ज्या खालच्या मॉडेलमध्ये अलार्मच नाही, त्यांच्यात हे अपडेट करताच येत नाही. इमोबिलायझरमध्ये माणसाला काहीच लक्षात ठेवावं लागत नाही, म्हणून मला तो जास्त भरवशाचा वाटतो.

आता माझ्या गाडीवर काय गुदरलं ते. नोव्हेंबरमध्ये एका सकाळी खाली आलो तर मागच्या डाव्या दाराची काच फुटलेली, आतल्या सीटवर चुरा. स्टिअरिंगखालचं प्लास्टिकचं कव्हर उपटून पायाशी टाकलेलं. नेहमीची पद्धत तीच: मागची काच फोडायची, कव्हर काढायचं, किल्लीचं सिलिंडर उचकटायचं आणि खालचा तुकडा फिरवायचा. माझ्या गाडीत ते सिलिंडरच नाही. चोराने तेवढं बघितलं आणि निघून गेला. गाडी जागेवर होती, त्या क्षणी मला बाराशे डॉलरचं मोल कळलं. पण काच आणि कव्हर मिळून ४९० डॉलर खर्च आला, आणि विम्यात पहिले ५०० डॉलर माझेच. म्हणजे सगळा भुर्दंड खिशातून. वर थंडीत तीन दिवस काचेच्या जागी प्लास्टिक चिकटवून गाडी चालवली.

हा मुद्दा मी खरेदीच्या वेळी नीट धरला नव्हता. इमोबिलायझर आत असतो. बाहेरून चोराला दिसते फक्त एलांट्रा. त्या इन्स्टिट्यूटच्या आकड्यांतही हेच आहे: अपडेट केलेल्या गाड्यांची चोरी घटली, पण मोडतोडीचे दावे वाढले. म्हणून नोव्हेंबरपासून मी स्टिअरिंगवर लावायचा पिवळा लोखंडी दांडा वापरतो. जाणकार चोर तो काढू शकतो, हे मला माहीत आहे. मला तो हवा आहे तो रस्त्यावरून दिसावा म्हणून, काच फुटायच्या आधी. लावायला दहा सेकंद लागतात, आणि रोज लावतो.

बटण-स्टार्टची स्वतःची एक कमजोरी आहे. फॉब घरात दाराजवळ पडलेली असेल तर तिचा सिग्नल यंत्राने लांबवून गाडीपर्यंत पोचवता येतो, आणि मग गाडीला किल्ली जवळच आहे असं वाटतं. इमोबिलायझर तिथे थांबवत नाही, कारण कोड खराच असतो. ते यंत्र घेऊन फिरणारे वेगळे, केबलवाली पोरं वेगळी. तरी आम्ही दोन्ही फॉब दारापासून लांब, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवतो. पहिल्या दिवशी फॉब डब्यात घालून डबा गाडीच्या दाराला टेकवून पाहिला. दार उघडलं नाही, तेव्हा तो डबा पक्का केला.

विम्यासाठी एक सांगतो. कोटेशन मागताना मॉडेलचं नाव न देता गाडीचा पूर्ण व्हीआयएन, म्हणजे त्या एका गाडीचा ओळख क्रमांक, द्या आणि इमोबिलायझर नोंदवला आहे का ते विचारा. माझ्या विमा कंपनीने आधी एसईच्या दराने हप्ता सांगितला होता. व्हीआयएन दिल्यावर तो वर्षाला दोनशे दहा डॉलरनी उतरला. याच दराने सहा वर्षांत बाराशे डॉलर वसूल होतील. आता पुढच्या महिन्यात बायकोसाठी गाडी बघायची आहे. फॉइलची गुंडाळी मी गाडीच्या कप्प्यातच ठेवली आहे.