सामानाची मूळ यादी: पुठ्ठ्यावर, कीपमध्ये की शीटमध्ये?

प्रवासाच्या सामानाची एकच मूळ यादी ठेवायची आणि परत आलं की तिच्यात दुरुस्ती करायची, एवढं ठरलं की पुढचा प्रश्न येतो तो यादी कुठे ठेवायची याचा. साताऱ्यात आमच्या घरी हे, मी, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई अशा चौघांचं सामान निघतं. दोन वर्षांत आम्ही तिन्ही प्रकार वापरले: बॅगेत ठेवलेला पुठ्ठा, मोबाईलवरचं नोंदींचं ॲप गूगल कीप, आणि गूगल शीट म्हणजे रकान्यांचा तक्ता. तुम्ही यातलं एक निवडायला बसला असाल तर बॅग भरताना कोणतं सोपं पडतं हे बघून निवडू नका. भरताना तिन्ही कामाला येतात. खरा फरक परतल्यावर, बॅग रिकामी करताना कळतो.

दिवाळीत आम्ही गुहागरला तीन रात्री गेलो. उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरलो आणि तिथून गुहागर. तेव्हा यादी पुठ्ठ्यावर होती: छापलेला ए-फोर कागद पुठ्ठ्याला चिकटवून प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला, आणि ते पाकीट मोठ्या बॅगेच्या झाकणातल्या चेनच्या कप्प्यात. पाकिटाला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. घरी आल्यावर बॅग पलंगावर उपडी केली आणि जे वापरलंच नव्हतं त्याचा वेगळा ढीग लावला. ढिगात दोन टॉवेल, आईंची गरम पाण्याची पिशवी, टॉर्च, प्रथमोपचाराचा डबा आणि मुलाचे तीन शर्ट निघाले. नडलेल्या गोष्टीही चार होत्या. ओले कपडे वाळत घालायला दोरी नव्हती. मुलाला घाटात उलट्या झाल्या, आणि उलटीची गोळी होती डिकीतल्या मोठ्या बॅगेत. ह्यांचा चार्जर घरीच राहिला. चिपळूणला गाडी बंद पडून एक मुक्काम वाढला आणि आईंची रक्तदाबाची गोळी एका दिवसाने कमी पडली.

वरवर पाहता ढिगातलं खोडायचं आणि नडलेलं लिहायचं, इतकं सरळ काम वाटतं. पण तसं केलं तर यादी दर वेळी बिघडत जाते, कारण ‘वापरलं नाही’ याचा अर्थ प्रत्येक वस्तूला वेगळा असतो. मुलाचे शर्ट खरंच जास्त झाले होते, म्हणून तिथे आकडा काढून हिशेब लिहिला: जितक्या रात्री त्याहून एक जास्त, आणि समुद्र असेल तर रोजचा एक जोड जास्त. टॉर्च वापरली नाही हे चांगलंच झालं, ती यादीत तशीच राहिली. गरम पाण्याची पिशवी गुहागरला निरुपयोगी, पण महाबळेश्वरला आई तिच्याशिवाय झोपत नाहीत. ती खोडायची नव्हती, ‘थंडी’ या गटात हलवायची होती.

नडलेल्या गोष्टींचंही तसंच आहे, आणि बहुतेक घरांत चूक इथेच होते. चार्जर यादीत होता. त्याच्यापुढे खूणही होती, कारण आदल्या रात्री यादी वाचताना ‘हो, आहे’ म्हणून आम्ही ती करून टाकली होती. प्रत्यक्षात तो भिंतीला लावलेलाच होता आणि सकाळी तिथेच राहिला. अशा वेळी यादीत काही वाढवून उपयोग नसतो. आम्ही ‘निघताना’ असा वेगळा गट केला. चार्जर, चष्मा, दात घासायचे ब्रश आणि फ्रिजमधली औषधं असं सकाळपर्यंत वापरात असणारं सगळं त्यात गेलं. त्या गटावर आदल्या रात्री खूण करायची नाही, दाराला कुलूप लावण्याआधीच करायची. उलटीची गोळी यादीत होती आणि बॅगेतही होती, फक्त चुकीच्या बॅगेत. तिच्यापुढे ‘हाताशी’ असं लिहिलं आणि ‘घाटाच्या आधी’ असंही जोडलं, कारण उलट्या सुरू झाल्यावर ती गोळी फारशी उपयोगी पडत नाही. रक्तदाबाच्या गोळीचा हिशेब दिवस अधिक तीन असा केला, सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो. यादीत मुळात नव्हती अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे दोरी.

हे सगळं पुठ्ठ्यावर आईंनीच लिहिलं, आणि पुठ्ठ्याची मोठी बाजू हीच. बॅग उपडी केली की यादी समोर असते, मोबाईल शोधावा लागत नाही, आणि घरातलं कुणीही पेन्सिल उचलून लिहू शकतं. पण एका कागदावर तीन-चार सहलींपलीकडे नोंदी मावत नाहीत. खाडाखोड झाली की कुणाला तरी नवा कागद करावा लागतो, आणि नवा कागद करणारा माणूस जुन्या खुणांचा अर्थ आपल्या मनाने लावतो. शिवाय प्रत एकच. आमची मोठी बॅग एकदा नणंदेकडे गेली ती यादी पोटात घेऊनच.

म्हणून मी सगळं कीपवर उतरवलं. खूण केलेली ओळ खाली सरकते, त्यामुळे काय राहिलंय ते ठळक दिसतं. ह्यांना त्याच नोंदीत जोडून घेतलं, म्हणजे ते बाजारात असले तरी काय आणायचंय ते त्यांना दिसतं. भरायच्या कामाला यापेक्षा सुटसुटीत मला काही सापडलेलं नाही. फक्त मूळ यादीवर थेट खुणा करू नका. नोंदीच्या मेनूतून `Make a copy` करून त्या सहलीची प्रत काढा आणि खुणा तिच्यावर करा. मूळ यादीवर खुणा करत राहिलात तर पुढच्या वेळी त्या `Uncheck all items` ने काढाव्या लागतात. त्याच मेनूत `Delete checked items` हाही पर्याय असतो, आणि घाईत बोट त्यावर पडलं तर मूळ यादीच जाते.

कीपची खरी मर्यादा मात्र वेगळी आहे, ती आम्हाला डिसेंबरात कळली. साताऱ्याहून रेल्वेने दिल्लीला गेलो आणि नातेवाइकांकडे उतरलो. पोहोचल्यावर लक्षात आलं की टॉवेल एकही नाही. ऐन थंडीत, दुसऱ्यांच्या घरी, चौघांसाठी टॉवेल मागायची वेळ आली. पुठ्ठ्यावरून कीपवर उतरवताना मीच ती ओळ गाळली होती, कारण गुहागरला दोन टॉवेल तसेच परत आले होते. ते परत आले कारण तिथल्या हॉटेलात टॉवेल मिळाले. पुठ्ठ्यावर खोडलेल्या ओळीपुढे आईंनी ‘हॉटेलात होते’ असं लिहिलेलं होतं. कीपमध्ये ओळ गेली तसं कारणही गेलं. तिथे वस्तूला फक्त दोनच अवस्था असतात, खूण आहे किंवा नाही. नेलं पण वापरलं नाही, हे लिहायला जागाच नाही. ओळीतच कंसात लिहीत गेलात तर दोन-तीन सहलींत ती वाचता येत नाही.

तेव्हापासून मूळ यादी शीटमध्ये आहे. पहिल्या रकान्यात वस्तू, दुसऱ्यात गट (नेहमीचं, थंडी, समुद्र, पावसाळा, मुक्काम घरी, हाताशी, निघताना), तिसऱ्यात किती न्यायचं याचा हिशेब, आणि पुढे प्रत्येक सहलीचा एक रकाना. सहलीच्या रकान्यात एकच अक्षर लिहायचं: ‘व’ म्हणजे वापरलं, ‘प’ म्हणजे पडून राहिलं, ‘क’ म्हणजे कमी पडलं, ‘र’ म्हणजे घरी राहिलं. जी वस्तू त्या वेळी न्यायची नव्हतीच तिचा चौकोन रिकामा ठेवायचा. एखादं कारण लिहावंसं वाटलं तर त्या चौकोनावर टीप जोडता येते. पाच-सहा सहली झाल्यावर शेवटी हे सूत्र टाकलं की कोणती वस्तू किती वेळा उगाच फिरून आली ते दिसतं:

```
=COUNTIF(D2:I2,"प")
```

आता आमचा नियम असा आहे की एकाच प्रकारच्या तीन सहलींत ‘प’ आल्याशिवाय ओळ हलवायची नाही, आणि हलवली तरी आधी वेगळ्या गटात न्यायची. टॉवेलची ओळ ‘मुक्काम घरी’ गटात परत आली ती अशीच. ज्या वस्तूवाचून रात्री परगावी अडून बसावं लागेल ती कितीही वेळा पडून राहिली तरी या नियमात येत नाही. औषधं, चिठ्ठीचा फोटो आणि टॉर्च त्यात आहेत.

शीटचीही अडचण आहे, ती मी झाकणार नाही. मोबाईलच्या पडद्यावर आठ-दहा रकाने बघायचे म्हणजे डोळे दुखतात. पहिला रकाना जागेवर गोठवून ठेवला तर थोडं सुसह्य होतं. घाटात रेंज नसते, म्हणून फाईल आधीच `Make available offline` करून ठेवावी लागते. आणि आई शीट उघडत नाहीत, त्यांनी ती उघडावी असा आग्रहही मी धरत नाही. म्हणून निघण्याआधी त्या सहलीपुरत्या ओळी निवडून एक पान छापते आणि ते जुन्या पाकिटात, बॅगेच्या झाकणात घालते. परत आल्यावर आई पलंगावर ढीग लावतात, पेन्सिलीने अक्षरं लिहितात, आणि मी त्याच रात्री ती शीटमध्ये चढवते. दुसऱ्या दिवसावर टाकलं तर पडून राहिलेले कपडेही धुण्यात मिसळतात, मग कोणता शर्ट घातला होता हे कुणालाच सांगता येत नाही.

तुम्ही एकटे असाल आणि दर शनिवारी पुणे-सातारा असा एकच प्रवास करत असाल, तर शीटच्या मागे लागू नका. कीप पुरे आहे, तिथे वेगळे गट लागतच नाहीत. वर्षातून एकदाच बाहेर पडणाऱ्या घराला पुठ्ठा उत्तम. फक्त पान भरल्यावर नवं करताना खोडलेल्या ओळी कारणासकट उतरवून घ्या आणि एक फोटो काढून ठेवा. वर्षात कोकण, लग्न आणि थंडीचं ठिकाण असे तीन वेगळे प्रवास होत असतील, सोबत औषधं घेणारं कुणी असेल, तर मी शीट आणि छापील पान या जोडीच्याच बाजूने आहे.

यंदा शीटमध्ये एक रकाना वाढवला. प्रथमोपचाराच्या डब्यापुढे ओळीने चार वेळा ‘प’ होतं म्हणून डबा उघडून पाहिला, तर जंतुनाशक मलमाची मुदत आदल्याच महिन्यात संपलेली. पडून राहणाऱ्या वस्तूकडे कुणी बघत नाही आणि ती आतल्या आत कालबाह्य होते. आता औषधं, मलम आणि टॉर्चच्या सेलपुढे मुदतीचा महिना लिहिलेला असतो, आणि छापील पानावर तो वस्तूच्या नावाशेजारीच येतो.